बोरमाळच्या ग्रामसभेची अकरा मिनिटं

शेवगावच्या बाजारतळाकडून एसटी स्टँडकडं येताना टायरवाला आणि खताचं दुकान यांच्या मधे एक आठ फुटी गाळा आहे. त्यावर पाटी नाही. ज्याचा कॅमेरा बंद पडतो त्याला कुणीही बोट दाखवून सांगतं, ते बघा वाल्मिकचं दुकान.

वाल्मिक आठवी पास. म्हणजे परीक्षेला बसला होता. निकाल लागला तेव्हा तो आईबापाबरोबर ऊसतोडीला कुठल्याशा कारखान्याच्या तळावर होता आणि नंतर तो निकाल बघायला कुणी गेलंच नाही. सोळाव्या वर्षी तो लग्नाच्या शूटिंगवाल्यामागं दिवा धरून फिरायला लागला. दिवा धरता धरता कॅमेरा धरला, कॅमेरा धरता धरता तो उघडला, आणि उघडलेला परत जोडून चालू केला. तिथून पुढं तालुक्यातल्या निम्म्या दुकानांवर, दूध डेअऱ्यांवर, पतसंस्थांवर जे काळे कॅमेरे दिसतात ते त्याच्या हातचे.

माणूस तापट. एका पुढाऱ्यानं एकदा त्याला सांगितलं, गोदामाचा कॅमेरा जरा भिंतीकडं वळवून ठेव, दोन दिवसांचा प्रश्न आहे. वाल्मिकनं शिडी लावली, कॅमेरा वळवला नाही, काढूनच घेतला आणि पिशवीत टाकला. म्हणाला, "भिंतीची शूटिंग करायची आसंल तर रंगवाल्याला बोलवा." ते काम गेलं. त्या पुढाऱ्याच्या पाहुण्यारावळ्यांची आणखी चार कामं गेली. पण तेव्हापासून लोक म्हणायला लागले, वाल्मिकच्या चित्रात खोट नसते. हे ऐकलं की तो मान खाली घालून हसायचा, आणि हसू लपत नसे.

त्याच्या या सगळ्या शिकण्यामागं एकच माणूस होता, कल्याण सर. आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, आता निवृत्त होऊन नगरला सावेडीत राहतात. चौदा वर्षांपूर्वी ते शेवगावला नोकरीला असताना बिघडलेला सेट टॉप बॉक्स घेऊन गाळ्यात आले, आणि या आठवी पास माणसानं तो कसा उघडलाय ते बघत स्टुलावर बसून राहिले. पुढच्या रविवारी पुन्हा आले, त्याच्या पुढच्या रविवारीही. इंग्रजी आज्ञा कशा टाइप करायच्या, फाइल म्हणजे काय, फ्रेम म्हणजे काय, सगळं त्यांनी शिकवलं, एक पैसा न घेता. तळहाताएवढा उघडा कॉम्प्युटर, ज्याला वाल्मिक नुसतं 'बोर्ड' म्हणतो, तो पहिला त्यांनीच आणून दिला. दसऱ्याला वाल्मिक आपट्याची पानं घेऊन आधी सावेडीला जायचा. घरच्या देव्हाऱ्याचा नंबर दुसरा. बायको पंकजा यावरून टोमणे मारायची, तेही त्याला आवडायचं.

गेल्या दोन ऑक्टोबरला बोरमाळमधे ग्रामसभा होती. बोरमाळ हे वाल्मिकचं गाव. विषय एकच होता: गावाचं ऐंशी एकर गायरान सोलरवाल्या कंपनीला भाड्यानं द्यायचं की नाही. गायरानावर गावातल्या शेळ्या चरतात, आणि ज्यांच्याकडं शेळीशिवाय काही नाही अशी घरं गावात निम्मी. त्यांनी वाल्मिकला सांगितलं, सगळं रेकॉर्ड कर. त्यानं देवळाच्या ओट्याशेजारी तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा लावला, कोपऱ्यात वेळ उमटेल असं सेटिंग केलं, आणि सकाळी दहा ते दुपारी दोन, अशी चार तासांची सभा कार्डावर घेतली.

बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मतदान झालं. हात वर करून. देण्याच्या बाजूनं चाळीसेक हात, विरोधात एकशे बारा. वाल्मिकनं कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवला, म्हणजे एकेक तोंड ओळखू यावं. शेळीवाल्या लंकाबाईचा हात सगळ्यात वर होता, बाई मुळातच उंच. मोजणी, आरडाओरड, पुन्हा मोजणी, असं सगळं अकरा मिनिटं चाललं.

आठ दिवसांनी इतिवृत्ताची नक्कल हातात आली. तिच्यात लिहिलं होतं, ठराव सर्वानुमते मंजूर.

पंचायत समितीकडं तक्रार गेली, चौकशी लागली, राजेश्वरी मॅडम म्हणून विस्तार अधिकारी नेमल्या गेल्या. सुनावणीची तारीख पडली दिवाळीनंतरच्या तिसऱ्या मंगळवारची. आणि इथंच सगळी गोम होती. दिवाळी झाली की बोरमाळची हात वर करणारी माणसं गावात राहत नाहीत. कोयते बांधून, पोरंबाळं ट्रॅक्टरवर चढवून ऊस तोडायला जातात. कुणी नेवाशाकडं, कुणी पार कर्नाटकात. सुनावणीला हात दाखवायला माणूसच नाही. हात होते ते त्या कार्डावर.

अडचण अशी की मॅडमच्या कार्यालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याची ती नवीन तऱ्हेची फाइल चालत नव्हती. वाल्मिक एकदा जाऊन बघून आला. आवाज यायचा आणि पडदा काळा. मॅडमनी सांगितलं, मूळ कार्ड आणाच, पण सोबत आमच्याकडं चालेल अशी पुऱ्या सभेची कॉपीही आणा. म्हणजे सगळं फुटेज जुन्या पद्धतीत पुन्हा एन्कोड करायला हवं. दुकानातला मोठा कॉम्प्युटर दिवाळीच्या आठवड्यात जास्त दाबाच्या विजेनं जळाला होता. उरला बोर्ड.

गावातली माणसं गाळ्यात जमली तेव्हा वाल्मिकनं त्यांना हिशोब समजावून सांगितला. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं काढतो. चार तासांची झाली तीन लाख साठ हजार. बोर्ड गार असला तर सेकंदाला नऊ चित्रं उरकतो, म्हणजे अकरा तास. पण इतका वेळ सलग दामटला की तो तापतो. ऐंशी अंशांच्या पुढं गेला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो, मग नऊची सहा होतात. तसं झालं तर सतरा तास.

"म्हंजी बैलावानीच की," लंकाबाई म्हणाली. "उन्हात पाय वढीत चालतंय."

"तसंच समज मावशे. पर मधीच लाईट गेली तर केलेलं समदं पान्यात. फाइलीचा हिशेब शेवटाला लिहिला जातो. तो लिहायच्या आत बंद पडली तर फाइल उघडतच न्हाई."

आणि शेवगावात सतरा तास वीज न जाता राहिली असा दिवस त्याला आठवत नव्हता. त्यानं एकदा करून बघितलं. सातव्या तासाला लाईट गेली.

त्या दिवशी संध्याकाळी सरांचा सहज म्हणून फोन आला. वाल्मिकनं सगळं सांगितलं. सर म्हणाले, माझ्याकडं मोठा इन्व्हर्टर आहे, चांगला ॲडॅप्टर आहे, तू बोर्ड आणि कार्ड घेऊन ये, मी दिवसभर शेजारी बसतो. गुरुवारी वाल्मिक मोटरसायकलवर करंजी घाट चढून सावेडीला गेला. बोर्ड पत्र्याच्या डब्यात होता. आमच्या भागातल्या धुळीपायी त्यानं तो डबा करून घेतलेला. सरांना त्यानं बजावलं, तापला तर झाकण काढा, पंखा लावा. त्यांच्या हातात कार्ड दिलं, पाया पडला आणि परत आला.

कार्डाची दुसरी कॉपी त्यानं ठेवली नव्हती. गाळ्यातून निघताना हात थांबला होता खरा. पण सरांकडं काम द्यायचं आणि मागं कॉपी ठेवून द्यायची, म्हणजे ताटात वाढून घेताना वाढणारीचा हात तपासण्यासारखं. त्याला ते शोभलं नसतं. दुसऱ्या कुणाकडं द्यायचं असतं तर त्यानं दोन कॉप्या काढल्या असत्या आणि पावतीही घेतली असती.

रविवारी दुपारी सर स्वतः एसटीनं शेवगावला आले. गाळ्यात लंकाबाई होती, गावातली आणखी दोघं होती. सरांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, पेनड्राइव्ह काढला, कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. चेहरा उतरलेला.

"वाल्मिक, वाईट झालं," ते म्हणाले. "बोर्ड फार तापला. मधली अकरा मिनिटं उडाली. पुन्हा करावं म्हणून कार्ड लावलं तर तेही गेलेलं. रिकामं दाखवतंय."

कुठली अकरा मिनिटं, हे विचारायची गरजच पडली नाही. वाल्मिकनं फाइल लावून बघितली. कोपऱ्यातली वेळ बारा एक्केचाळीसवरून एकदम बारा बावन्नवर उडी मारत होती. एका चित्रात सरपंच माइककडं हात नेतोय, पुढच्या चित्रात लोक चहा पितायत.

लंकाबाई पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मी कुटंय ह्यात?"

आणि मग वाल्मिकनं जे केलं ते त्याला पुढं कितीतरी दिवस आठवून जाळत राहिलं. त्यानं सगळ्यांदेखत दोष स्वतःच्या अंगावर घेतला. म्हणाला, चूक माझी, डब्याला भोकं पाडायला पाहिजे होती, पंखा बसवायला पाहिजे होता, सरांचा काय दोष. सरांसाठी त्यानं चहा मागवला. सर म्हणाले, अरे, मशीनच ते, होतं असं. त्यांना एसटीत बसवून द्यायलाही तो गेला. जागा मिळावी म्हणून खिडकीतून रुमाल टाकला.

परत आला तेव्हा गाळ्यात एकटाच. डबा उघडला, बोर्ड बाहेर काढला. भोकं पाडायची म्हणून डबा बाजूला ठेवला आणि मग कुठं डोक्यातला गोंधळ जरा खाली बसला. तापला म्हणून चित्रं उडाली. कशी उडतील?

कॅमेऱ्यातून चालू चित्र येत असेल आणि बोर्डाला पेलवत नसेल तर चित्रं सुटतात, हे त्यानं दुकानात दहादा बघितलं होतं. तिथं कॅमेरा थांबत नाही. पण हे कार्डावरचं फुटेज. ते कुठं पळून जातंय? बोर्ड एक चित्र घेणार, ते उरकणार, मग दुसरं घेणार. तापला तर सावकाश घेणार. बोर्ड बंद पडला असता तर फाइल उघडलीच नसती. मधलीच अकरा मिनिटं, तीही सेकंदाला सेकंद जुळवून, असं तापण्यानं होत नाही. आणि हे त्याला शिकवलं होतं खुद्द सरांनीच, याच टेबलावर.

बोर्डात त्याची एक स्वतःची युक्ती होती, सरांनी न शिकवलेली. कॅमेरे कुठं, कधी, का बंद पडले यावरून गिऱ्हाइकांशी भांडणं व्हायची, म्हणून त्यानं बोर्डाला सवय लावून ठेवलेली: काम चालू असलं की दर मिनिटाला एक ओळ लिहायची. वेळ, तापमान, वेग, किती चित्रं झाली, किती सुटली. ती नोंद त्यानं पडद्यावर उघडली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता काम सुरू झालेलं. पहिली वीस मिनिटं सेकंदाला नऊ चित्रं. सात वीसला तापमान ब्याऐंशी, बोर्डाच्या कामाचा वेग पंधराशेवरून हजारावर, चित्रं सहा. दोन तास तसंच रेटत गेलेलं. मग नऊ वीसला तापमान एकदम उतरायला लागलेलं: ब्याऐंशी, शहात्तर, सत्तर, सहासष्ट. वेग परत पंधराशे, चित्रं परत नऊ. म्हणजे सरांनी झाकण काढलं होतं, पंखा लावला होता. शेजारी बसले होते. दिवसभर त्यांनी बोर्डाला लेकरासारखं जपलं होतं. संध्याकाळी पावणेसातला शेवटची ओळ: झालेली चित्रं तीन लाख साठ हजार. सुटलेली चित्रं शून्य.

वाल्मिकनं पेनड्राइव्हवरच्या फाइलीतली चित्रं मोजायला लावली. तीन लाख त्रेचाळीस हजार पाचशे. साडेसोळा हजार कमी. भागून बघितलं, बरोबर अकरा मिनिटं.

मग कार्ड लावलं. पुसलेलं परत काढायची साधनं त्याच्याकडं होती. लोकांची पुसली गेलेली लग्नं त्यानं परत काढून दिलेली आहेत. तासभर कार्ड चाळलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत शून्यं. खराब झालेलं कार्ड असं नसतं. त्यात तुकडे सापडतात. हे कुणीतरी बसून, जाणून, काठोकाठ शून्यांनी भरलं होतं. पुसलं तर वाल्मिक परत काढील, हे ज्याला माहीत होतं त्यानं.

सोमवारी सकाळी तो सावेडीला गेला. सर बंगल्याच्या पायरीवर पेपर वाचत होते. त्याला बघून त्यांनी पेपराची घडी घातली, आणि ये म्हणाले नाहीत. वाल्मिक पाया पडला नाही. फोनवर काढलेला नोंदीचा फोटो त्यानं त्यांच्यापुढं धरला. सरांनी चष्मा पुसला, वाचलं, बराच वेळ वाचलं.

"ही नोंद तू कधीपासून ठेवतोस?"

"चार वर्सं झाली."

"चांगली आहे," सर म्हणाले. सवयीनंच म्हणाले.

"सर, तापला तर वेग जातो. चित्रं जात न्हाईत. तुमीच शिकवलं."

आतून कुकरची शिट्टी झाली. मग सरांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली. जावयानं त्या सोलरच्या जागेला कुंपण घालायचं काम धरलंय, सगळी पुंजी त्यात घातलीय. काम सुरू केलं तेव्हा मनात काही नव्हतं, देवाशपथ नव्हतं. शुक्रवारी रात्री जावई जेवायला आला, पडद्यावर फाइल बघितली. मुलगी रडली. सर म्हणाले, वाल्मिक, जमीन आज ना उद्या जाणारच आहे, तुम्ही लोक उगाच आपटताय.

वाल्मिकला जमिनीवर वाद घालायचा नव्हता. त्याला एकच टोचत होतं.

"पर सर, तापल्याचं कारन का सांगितलं? मला? दुसरं कायबी सांगायचं. चोरीला गेलं म्हनायचं. मला कळंल हे तुमाला ठावं हुतं."

सरांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "तुला कळेल हे ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण सुनावणीत कुणाला कळणार? आणि तू माझं नाव घेणार नाहीस, याची खात्री होती."

वाल्मिकचे हात शिवशिवत होते. एरवी त्याच्या स्वभावानं पायरीवरची कुंडी उचलून फेकली असती. त्यानं पूर्ण फाइल मागितली. सर म्हणाले, राहिलेली नाही. खरं बोलत होते की नाही, हे ओळखता येईना. चौदा वर्षांत ती वेळच आली नव्हती. तो गाडीला किक मारून निघाला. करंजी घाटात गाडी बाजूला लावून बसला. तिथं तो काय करत होता हे पंकजालाही त्यानं सांगितलेलं नाही.

मंगळवारी पंचायत समितीत सुनावणी. एका बाजूला सरपंचाचा उजवा हात, उपसरपंच छगन, सोबत आठदहा माणसं. दुसऱ्या बाजूला वाल्मिक, लंकाबाई आणि म्हातारेकोतारे. राजेश्वरी मॅडमनी फाइल लावली. वेळेची उडी आली तसा छगन हसला.

"मॅडम, कॅमेरा ह्यांचा, मशीन ह्यांचं, आन् कापलं पन ह्यांनीच. मधी काय हुतं ते लपवायचं आसंल."

मॅडमनी वाल्मिककडं बघितलं. वाल्मिकनं नोंद पुढं ठेवली, आकडे सांगितले. मॅडम हुशार होत्या, पण आकडे ऐकून त्याही थबकल्या. छगन म्हणाला, गाळ्यात तर तूच सांगितलंस की बोर्ड तापून उडालं म्हणून. परवाच. लंकाबाईदेखत. मॅडमनी विचारलं, हे खरं आहे का. वाल्मिक म्हणाला, खरं आहे, बोललो होतो. त्या एका वाक्यानं त्याच्या बाजूची माणसंसुद्धा त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली. लंकाबाईनं तोंड फिरवलं.

मग तो म्हणाला, मॅडम, मला अर्धा तास द्या, इथंच दाखवतो.

त्यानं बोर्ड कार्यालयातल्या पडद्याला जोडला. मॅडमच्या दारावरच्या कॅमेऱ्यातलं कुठलंही पाच मिनिटांचं फुटेज द्या म्हणाला. त्यांनी स्वतः निवडून दिलं. पाच मिनिटं म्हणजे साडेसात हजार चित्रं. ती आधी सगळ्यांदेखत मोजून घेतली. काम सुरू केलं. बोर्ड डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि लंकाबाईपुढं हात केला.

"मावशे, तुजी शाल दे."

तिनं जरा विचार केला. मग शाल काढून दिली. त्यानं डबा शालीत गुंडाळला, वर कोपऱ्यातलं फायलींचं गाठोडं ठेवलं. पडद्यावर तापमान चढायला लागलं. साठ. सत्तर. छगनसुद्धा खुर्ची पुढं ओढून बघायला लागला. पाचव्या मिनिटाला ऐंशी ओलांडलं आणि सेकंदाला नऊची आठ चित्रं झाली, सात झाली, सहावर येऊन थांबली. शालीला हात लावून बघितला तर चहाच्या भांड्यासारखी गरम.

"आता ह्याचं डोकं फिरायला आलंय," वाल्मिक म्हणाला. "बघा काय खातंय ते."

सगळे वीस मिनिटं बसून राहिले. शिपायानं चहा आणला, तो गार झाला. काम संपलं. मॅडमनी स्वतः उठून पडद्यावरचा आकडा वाचला. साडेसात हजार. सुटलेली शून्य.

"म्हणजे तापल्यानं उशीर होतो," त्या म्हणाल्या. "कमी होत नाही."

"आक्षी तेच, मॅडम. मे महिन्यात दुपारी आमची मान्सं ऊस तोडत्यात तवा हात मंदावतो. पर मधली सरी सोडून पुढं जात न्हाईत."

"मग कापलं माणसानं. कुठल्या?"

समोर छगन होता, आणि छगनच्या तोंडावरचं हसू गेलेलं होतं. त्याला माहीत असावं. वाल्मिकनं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, सावेडीच्या पत्त्यासकट. मग मॅडमनी लेखी मागितलं म्हणून तेही लिहून दिलं. ते तुमचे कोण, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मात्र तो बोर्डाच्या वायरी काढायला लागला, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

निकाल त्याच्या बाजूनं लागला असं म्हणता येत नाही. मॅडमनी लिहिलं ते असं: फुटेज कुणीतरी जाणून कापल्याचं दिसतं, त्याची वेगळी चौकशी व्हावी. पण जे हात दिसतच नाहीत ते मोजता येत नाहीत. विरोधात मत देणाऱ्यांचे लेखी जबाब तीन आठवड्यांत आणा, तोवर जमिनीचा ताबा देऊ नये, अशी शिफारस. बाहेर पडताना लंकाबाईनं शाल झटकली, खांद्यावर घेतली.

"तुजा राग न्हाई मला," ती म्हणाली. "पर पुढल्या बारीला कार्ड माज्याकडं दे. मी गुरुबिरू करीत न्हाई कुनाला."

जबाब तेवढा तिनं तिथंच दिला, पहिला.

उरलेले एकशे अकरा गोळा करायला वाल्मिक निघाला. गाळा बंद ठेवून, कागद आणि शाईचा डबा घेऊन. सोनईच्या पुढं, नेवाशाच्या उसात, प्रवरेच्या काठानं. जिथं ट्रॅक्टर उभे, जिथं पाचटाच्या झोपड्या, कोप्या, तिथं गाडी थांबवायची आणि विचारायचं, बोरमाळचं कुणी हाय का. काही टोळ्या कर्नाटकात गेल्या होत्या, तिथवर तीन आठवड्यांत पोचणं शक्यच नव्हतं. काहींचा मुकादम त्यांना फडातून बाहेर येऊ देईना. एकानं अंगठा द्यायला नकार दिला. म्हणाला, कॅमेऱ्यात दिलाय की हात, आता कागद कशाला, तू बोलला हुतास एवढं पुरं हाय म्हनून. तो तसं बोलला होताच. पंधराव्या दिवसापर्यंत एकोणचाळीस झाले.

चाळिसावा अंगद. वाल्मिकच्याच वर्गातला, आठवीपर्यंत एका बाकावर. सकाळी अकराच्या सुमारास फडाच्या बांधावर भेटला, अंगभर उसाची टोचरी कूस, हातात कोयता. बायको मागं मोळी बांधत होती. वाल्मिकनं काय हवंय ते सांगितलं. अंगदनं कोयता मातीत रोवला, तळहात पँटीला पुसला, सहीची सवय सुटलेली म्हणून अंगठाच शाईत बुडवला. मग कागदावर टेकवायच्या आधी थांबला.

"मी दिसलो हुतो ना रं शूटिंगमदी? हिला सांगितलं मी, शेवगावात सायबापुढं आपला फोटू लागनार म्हनून."

"दिसला हुतास," वाल्मिक म्हणाला. "तिसऱ्या रांगंत. दोनी हात वर केलं हुतंस, मोजनाऱ्यानं एकच धरला."

अंगद हसला. बायकोकडं बघितलं. "मंग आता का न्हाई?"

"पुसलं."

"कुनी? छगन्यानं?"

बोलायला सोपं होतं. हो म्हटलं असतं तर अंगदनं दोन शिव्या घातल्या असत्या, अंगठा उठवला असता आणि मोळीकडं गेला असता. वाल्मिकनं कागद गुडघ्यावर नीट धरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला बोट दाबून ठेवलं.

"न्हाई," तो म्हणाला. "माज्या मानसानं."

अंगदनं त्याच्याकडं बघितलं आणि अंगठा दाबला.